मार्चच्या हप्त्यात व्याज किती, मुद्दल किती? IPMT आणि PPMT वापरून हप्ता फोडण्याची रीत

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा हिशेब मार्चअखेर सीएकडे जातो, तेव्हा कर्जाच्या हप्त्यापाशी हमखास गाडी अडते. बँकेच्या उताऱ्यात दर महिन्याच्या पाच तारखेला २६,६९३ रुपये गेलेले दिसतात. त्यातलं व्याज किती आणि मुद्दल किती, हे मात्र कुठं लिहिलेलं नसतं. मग दिवाणजी सोयीचा रस्ता धरतात. कुणी सगळा हप्ता कर्जखात्यात टाकतं, कुणी सगळा व्याजाच्या खर्चात. पहिल्या चुकीनं नफा फुगतो आणि कर्ज खऱ्यापेक्षा कमी दिसतं. दुसरीनं खर्च फुगतो आणि फेडलेलं कर्ज वहीत तसंच उभं राहतं. धंद्याच्या कर्जाचं व्याज हा खर्च आहे, पण मुद्दलाची परतफेड हा खर्च नाही. म्हणून हप्ता फोडावाच लागतो.

पूर्ण परतफेडीचं वेळापत्रक न बनवता, हव्या त्या एका महिन्याचा हप्ता फोडायला एक्सेलमध्ये IPMT आणि PPMT ही दोन सूत्रं आहेत. गुगल शीट्स आणि लिबरऑफिसमध्येही ती याच नावानं चालतात. पहिलं व्याज सांगतं, दुसरं मुद्दल. सूत्र लिहायला अर्धा मिनिट लागतो. चुका होतात त्या सूत्रात काय भरायचं यात, आणि आलेला आकडा बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहताना. त्यामुळे जास्त वेळ तिथंच देऊ.

उदाहरणातलं कर्ज

समजा, टेरी टॉवेलच्या मागांसाठी १२,००,००० रुपयांचं मुदत कर्ज घेतलं. व्याजदर वार्षिक १२ टक्के, मुदत ५ वर्षं, म्हणजे ६० मासिक हप्ते. रक्कम ५ जुलै २०२३ रोजी हातात आली आणि पहिला हप्ता ५ ऑगस्ट २०२३ रोजी गेला. आपल्याला मार्च २०२५ चा हप्ता फोडायचा आहे. १२ टक्के दर मुद्दाम घेतला आहे. महिन्याला बरोबर १ टक्का पडत असल्यानं प्रत्येक आकडा तोंडी तपासता येतो.

नवीन पत्रकात पहिल्या स्तंभात नावं आणि दुसऱ्यात आकडे असे भरा. लेखात आकडे देवनागरीत आहेत, पत्रकात ते इंग्रजी अंकांतच टाका.

```
A1 कर्ज रक्कम            B1  1200000
A2 वार्षिक व्याजदर        B2  12%
A3 एकूण हप्ते            B3  60
A4 पहिला हप्ता           B4  =DATE(2023,8,5)
A5 हवा असलेला महिना      B5  =DATE(2025,3,1)
```

B1 मध्ये रक्कम टाकताना स्वल्पविराम किंवा ‘रु.’ टंकू नका. स्वल्पविराम हवेत तर ते सेलच्या फॉरमॅटमधून आणा. ‘रु. १२ लाख’ असं लिहिलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो आणि सूत्र #VALUE! दाखवतं. B2 मध्ये टक्क्याची खूण विसरू नका. नुसतं १२ लिहिलं तर पत्रक तो दर १,२०० टक्के समजतं.

आधी हप्त्याचा क्रमांक

IPMT ला ‘मार्च’ कळत नाही. त्याला फक्त एवढं कळतं की हा कितवा हप्ता आहे. बोटांवर मोजलं तर ऑगस्ट २०२३ पहिला, ऑगस्ट २०२४ तेरावा, मार्च २०२५ विसावा. बोटांवर मोजताना एकानं चुकण्याचा संभव मोठा असतो, कारण पुष्कळ जण कर्ज मिळाल्याच्या महिन्यापासून मोजायला लागतात. जुलैपासून मोजलं की मार्च एकविसावा होतो आणि पुढचे सगळे आकडे एक महिना सरकतात. हा दोष दिसून येत नाही, कारण एकविसाव्या हप्त्याचे आकडेही पटण्यासारखेच असतात. म्हणून क्रमांक सूत्रानंच काढावा:

```
A6 हप्ता क्रमांक
B6 =(YEAR(B5)-YEAR(B4))*12+MONTH(B5)-MONTH(B4)+1
```

वर्षांचा फरक २, त्याचे २४ महिने. महिन्यांचा फरक ३ वजा ८, म्हणजे उणे ५. चोवीसातून पाच गेले १९, त्यात १ मिळवला की २०. शेवटचा तो १ यासाठी, की पहिल्या हप्त्याचा क्रमांक शून्य नसून एक असतो. B6 मध्ये २० ऐवजी 20-01-1900 अशी तारीख दिसली तर घाबरू नका. आकडा बरोबर आहे, सेलचा फॉरमॅट तेवढा General करा.

तारखा DATE नं लिहायचं कारणही इथंच सांगायला हवं. संगणकाची तारखेची पद्धत अमेरिकन ठेवलेली असेल, आणि जुन्या ऑफिस संगणकांत ती बऱ्याचदा तशीच राहिलेली असते, तर 05/08/2023 हे ५ ऑगस्ट न राहता ८ मे होतं. 05/03/2025 हे ३ मे होतं. दोन्ही तारखा मे महिन्यात जाऊन बसतात आणि क्रमांक येतो २५. पत्रक कुठलीही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही तारखा खऱ्याच आहेत. DATE(वर्ष, महिना, दिवस) मध्ये असा गोंधळ होऊच शकत नाही.

सूत्रं

आता मुख्य काम:

```
A7 हप्ता      B7  =PMT(B2/12,B3,-B1)
A8 व्याज      B8  =IPMT(B2/12,B6,B3,-B1)
A9 मुद्दल     B9  =PPMT(B2/12,B6,B3,-B1)
```

कंसातला क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: एका महिन्याचा दर, कितवा हप्ता, एकूण हप्ते किती, कर्जाची रक्कम. PMT मध्ये ‘कितवा’ नसतो, कारण हप्ता दर महिन्याला तोच असतो. बाकी तिन्ही सूत्रं सारखीच आहेत. काही संगणकांवर स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम लागतो. सूत्र टंकताना खाली जी सूचना उमटते तिच्यात कोणती खूण आहे ती पाहून तीच वापरा.

उत्तरं अशी येतात. B7 मध्ये २६,६९३.३४, B8 मध्ये ८,९४२.१९, B9 मध्ये १७,७५१.१५. म्हणजे मार्च २०२५ च्या हप्त्यातले ८,९४२ रुपये व्याजाचे आणि १७,७५१ रुपये मुद्दलाचे. बँक हप्ता रुपयात गोळा करून २६,६९३ कापत असेल, तर वहीत नोंद होते ती अशी: व्याज खाते नावे ८,९४२, कर्ज खाते नावे १७,७५१, बँक खाते जमा २६,६९३.

कर्जाच्या रकमेआधी उणे खूण का दिली? ही सूत्रं पैशाची दिशा पाहतात. हातात आलेला पैसा अधिक, हातातून गेलेला उणे. कर्ज अधिक लिहिलं तर हप्ता, व्याज आणि मुद्दल तिन्ही उणे येतात, बऱ्याच पत्रकांत लाल अक्षरांत. ते चुकीचं नसतं, पण हिशेबाच्या कागदावर अवघड वाटतं, म्हणून कर्जालाच उणे करून टाकतात. खरा धोका आहे तो एका सूत्रात उणे देऊन दुसऱ्यात विसरण्याचा. मग व्याज ८,९४२.१९ येतं, मुद्दल उणे १७,७५१.१५ येतं, आणि बेरीज उणे ८,८०८.९६ होते. त्यामुळे तपासणीची एक ओळ खाली कायम ठेवा:

```
A10 तपास      B10 =ROUND(B8+B9-B7,2)
```

इथं शून्यच दिसलं पाहिजे. ROUND दिलं आहे ते दशांशाच्या फार आतल्या घरातला कचरा दिसू नये म्हणून.

दर बारानं भागायला विसरलात तर ही तपासणी तुम्हाला वाचवणार नाही. तेव्हाही बेरीज जुळेल, कारण तिन्ही सूत्रांत तीच चूक असेल. पण हप्ता सुमारे १,४४,१६० रुपये दिसेल आणि तो पाहताच चूक कळेल. म्हणूनच IPMT च्या आधी PMT काढायचा आणि तो बँकेच्या मंजुरीपत्रातल्या हप्त्याशी लावून पाहायचा. तो रुपयाच्या आत जुळत नसेल, तर पुढं जाण्यात अर्थ नाही. दर, मुदत किंवा रक्कम यांपैकी काहीतरी चुकीचं भरलेलं आहे.

मुदतीच्या जागी ६० ऐवजी ५ लिहिलं तर वेगळं घडतं. पाच हप्त्यांच्या कर्जात विसावा हप्ता असूच शकत नाही, म्हणून B8 आणि B9 मध्ये #NUM! येतं. हाच शब्द दिसतो जेव्हा निवडलेला महिना पहिल्या हप्त्याच्या आधीचा असतो किंवा कर्ज फिटल्यानंतरचा असतो. #NUM! दिसलं की आधी B6 पाहा: तो १ पेक्षा लहान किंवा B3 पेक्षा मोठा असणार.

आकडा कुठून आला

सूत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवण्यापेक्षा एकदा हातानं पडताळून पाहणं चांगलं. IPMT आतमध्ये एकच गोष्ट करतं: मागचा हप्ता गेल्यावर जी बाकी उरली, तिच्यावर एका महिन्याचं व्याज. आणि PPMT म्हणजे हप्त्यातून ते व्याज वजा करून उरलेली रक्कम.

पहिल्या महिन्यात बाकी पूर्ण १२ लाख, तिचा १ टक्का १२,०००. हप्त्यातून तेवढे गेले की मुद्दलात १४,६९३.३४ जमा. दुसऱ्या महिन्यात बाकी तेवढी कमी झालेली, त्यामुळे व्याज १४६.९३ रुपयांनी कमी आणि मुद्दल तेवढ्यानंच जास्त. असं होता होता एकोणीस हप्ते गेल्यावर बाकी उरते ८,९४,२१८.५०. तिचा १ टक्का काढला की ८,९४२.१९. हेच B8 मधलं उत्तर. शेवटच्या, साठाव्या हप्त्यात व्याज फक्त २६४.२९ उरतं आणि २६,४२९.०५ मुद्दलात जातात.

यातून एक झटपट कसोटी मिळते. समान हप्त्यांच्या कर्जात मुद्दलाचा भाग दर महिन्याला मासिक दरानंच वाढतो. आपल्या कर्जात तो दर महिन्याला १ टक्क्यानं वाढतो. बँकेनं दिलेल्या वेळापत्रकात लागोपाठच्या दोन महिन्यांचं मुद्दल घ्या आणि दुसऱ्याला पहिल्यानं भागा. १.०१ आलं तर बँकेचं वेळापत्रक आणि तुमचं सूत्र एकाच पद्धतीवर आहेत. भागाकार महिन्यागणिक वरखाली होत असेल, तर बँक व्याज दिवसांवर काढते आहे. त्याबद्दल पुढं.

हप्त्यानंतरची बाकीही एका ओळीत मिळते:

```
A11 हप्त्यानंतर बाकी   B11 =FV(B2/12,B6,B7,-B1)
```

विसाव्या हप्त्यानंतर ती ८,७६,४६७.३५ येते. आधीच्या बाकीतून १७,७५१.१५ वजा करून पाहा, तीच रक्कम मिळेल.

पूर्ण आर्थिक वर्षाचं व्याज

सीएला खरं तर एका महिन्याचं नाही, एप्रिल ते मार्चचं व्याज हवं असतं. २०२४-२५ या वर्षात एप्रिल २०२४ चा नववा हप्ता पहिला आणि मार्च २०२५ चा विसावा शेवटचा. बारा वेळा IPMT लिहिण्याऐवजी ही दोन सूत्रं वापरा:

```
=-CUMIPMT(B2/12,B3,B1,9,20,0)
=-CUMPRINC(B2/12,B3,B1,9,20,0)
```

व्याज १,१८,५३१.५५, मुद्दल २,०१,७८८.५०. दोन्ही मिळून ३,२०,३२०.०५, म्हणजे बारा हप्ते. इथं IPMT ची सवय आड येते. या दोन सूत्रांत कर्जाची रक्कम अधिकच द्यावी लागते, उणे दिली की #NUM!. उत्तर मात्र उणे येतं, म्हणून उणे खूण सूत्राच्या सुरुवातीला लावली आहे. आणि शेवटचं शून्य सोडता येत नाही. ते सांगतं की हप्ता कालावधीच्या शेवटी जातो. IPMT मध्येही ही जागा असते, पण तिथं काही लिहिलं नाही तरी शून्यच धरलं जातं.

सुरुवातीला सांगितलेल्या दोन चुकांची किंमत आता आकड्यांत दिसते. सगळे हप्ते व्याजात टाकले तर या एका वर्षात खर्च २,०१,७८८ रुपयांनी फुगतो. सगळे कर्जखात्यात टाकले तर १,१८,५३१ रुपयांचा खरा खर्च वहीत येतच नाही.

बँकेच्या उताऱ्याशी का जुळत नाही

इथंच बहुतेकांचा सूत्रावरचा विश्वास उडतो, आणि तो उडायला नको. IPMT च्या लेखी सगळे महिने सारखे आहेत, प्रत्येक महिना म्हणजे वर्षाचा बारावा भाग. बँकेतलं व्याज मात्र साधारणपणे रोजच्या बाकीवर, प्रत्यक्ष दिवस मोजून, ३६५ नं भागून काढलेलं असतं.

मार्चचा हप्ता या फरकासाठी सगळ्यात वाईट महिना आहे. ५ फेब्रुवारी ते ५ मार्च २०२५ हे फक्त २८ दिवस. ८,९४,२१८.५० वर १२ टक्क्यांनी वर्षाचं व्याज १,०७,३०६.२२ होतं, एका दिवसाचं २९३.९९. अठ्ठावीस दिवसांचं ८,२३१.७१. IPMT म्हणतं ८,९४२.१९. फरक ७१० रुपयांचा, आणि बँकही चुकलेली नाही, सूत्रही नाही. तीच बाकी ३१ दिवस राहिली असती तर व्याज ९,११३.६८ झालं असतं, म्हणजे IPMT पेक्षा १७१ रुपये जास्त. वर्षाच्या बेरजेत हे कमीजास्त बरंचसं एकमेकांत मिटून जातं.

दुसरी गोष्ट, बरेच कर्जखात्यांचे उतारे व्याज महिनाअखेरीला नावे टाकतात आणि हप्ता पाच तारखेला जमा करतात. तिथं हप्ता फोडलेला कधी दिसतच नाही. २८ तारखेला किंवा ३१ तारखेला व्याजाची एक ओळ, पाच तारखेला पूर्ण हप्त्याची दुसरी. अशा उताऱ्यात वर्षभराच्या व्याजाच्या ओळी बेरजेला घ्यायच्या. हप्ते फोडत बसायचं नाही.

यातूनच मार्चअखेरीची एक बारीक गोष्ट निघते. पाच मार्चच्या हप्त्यातलं व्याज हे पाच फेब्रुवारीपासूनचं असतं. पाच मार्च ते एकतीस मार्च या २६ दिवसांचं व्याज एप्रिलच्या हप्त्यात येतं, पण ते जुन्या वर्षाचं आहे. आपल्या कर्जात ते ८,७६,४६७.३५ वर सुमारे ७,४९२ रुपये होतं. बँकेनं महिनाअखेरीला व्याज टाकलं असेल तर ते आपोआप आलेलं असतं. तसं नसेल तर ‘देय व्याज’ म्हणून त्याची नोंद करायची की नाही, हे सीएला विचारून ठरवा. गेल्या वर्षी अशी नोंद केली असेल तर ती या वर्षी उलटवायला विसरू नका, नाहीतर तेच व्याज दोनदा खर्चात येतं.

मग वहीत कोणता आकडा घ्यायचा? बँकेचा. व्याजाचा दाखला किंवा कर्जखात्याचा उतारा हाच पुरावा असतो. IPMT चं काम दोन ठिकाणी मोलाचं आहे: दाखला येण्याआधी अंदाज बांधायला, आणि बँकेच्या आकड्यात काही गडबड आहे का ते पकडायला. एका महिन्यात काहीशे रुपयांचा फरक दिवसांमुळे पडतो. हजारांत फरक असेल तर कारण दुसरं आहे. हप्ता उशिरा गेला, दंडाचे किंवा विम्याचे पैसे कर्जखात्यात नावे पडले, नाहीतर दर बदलला. बँकेनं नेमका कोणता दर लावला हे उताऱ्यातल्या एका ओळीवरून काढता येतं:

```
=8231.71*365/28/894218.5
```

व्याज गुणिले ३६५, भागिले दिवस, भागिले त्या काळातली बाकी. सेलला टक्क्याचा फॉरमॅट दिला की १२.००% दिसतं. इथं १२.७५ किंवा १३ दिसलं, तर हातात नेमका प्रश्न घेऊन शाखेत जाता येतं. ‘व्याज जास्त लागतंय’ असं सांगण्यापेक्षा ‘या महिन्यात हा दर कसा लागला’ असं विचारलं की उत्तरही नेमकं मिळतं.

हप्ता रुपयात गोळा केल्याचा परिणाम मात्र किरकोळ असतो. दर महिन्याला ३४ पैसे कमी भरले गेल्यानं साठाव्या हप्त्यानंतर व्याजासह २७ रुपये ५४ पैसे बाकी राहतात. बँक ते शेवटच्या हप्त्यात घेते.

मध्येच दर बदलला तर

लघुउद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जं व्यापारी बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडली आहेत, आणि तीन महिन्यांतून किमान एकदा दर नव्यानं लावावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो ६.५० वरून ६.२५ केला. समजा, त्यामुळे आपल्या कर्जाचा दर मार्चचा हप्ता गेल्यापासून १२ ऐवजी ११.७५ झाला आणि एप्रिलच्या हप्त्यात नवं व्याज लागलं.

सगळ्यात सहज होणारी चूक म्हणजे B2 मध्ये १२ च्या जागी ११.७५ टक्के लिहिणं. पत्रकाला त्याचा अर्थ असा लागतो की कर्ज पहिल्या दिवसापासूनच ११.७५ नं होतं. मग ते मागचे वीस हप्तेही नव्या दरानं फोडतं. विसाव्या हप्त्यानंतरची बाकी सुमारे ८,७४,९५५ दाखवतं, खऱ्यापेक्षा दीड हजारानं कमी. एप्रिलचं व्याज ८,५६७ येतं, खरं हवं ८,५८२. फरक पंधराच रुपयांचा, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाही. पण तो प्रत्येक महिन्यात राहतो आणि बाकी कधीच जुळत नाही.

बरोबर रीत म्हणजे दर बदलला की नवं कर्ज सुरू झालं असं धरायचं. जुना तक्ता तसाच ठेवा आणि शेजारी दुसरा मांडा. रक्कम ८,७६,४६७.३५, दर ११.७५ टक्के, हप्ते ४०, पहिला हप्ता ५ एप्रिल २०२५. एप्रिलचा क्रमांक आता २१ नाही, १ आहे:

```
=IPMT(11.75%/12,1,40,-876467.35)
```

उत्तर ८,५८२.०८. नवा हप्ता सुमारे २६,५८८ होतो. वर्षाचं CUMIPMT काढतानाही वर्ष दोन तक्त्यांत वाटलं जात असेल तर दोन तुकडे वेगळे काढून बेरीज करायची.

बँकेनं हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली असेल तर हिशेब थोडा बदलतो. हप्त्यांची संख्या NPER नं काढावी लागते आणि ती पूर्ण आकड्यात येत नाही. अशा कर्जात IPMT च्या मागं लागण्यापेक्षा सरळ बाकी गुणिले दर भागिले बारा करा. तेच व्याज, आणि हप्त्यातून ते वजा केलं की मुद्दल. मधेच एकरकमी भरणा केला असेल तरी हीच वाट: भरण्यानंतरची बाकी बँकेच्या उताऱ्यावरून घ्या आणि तिथून नवा तक्ता.

माग बसवण्यासाठी घेतलेल्या कर्जात कधी कधी सुरुवातीचे काही महिने मुद्दल न भरण्याची सूट असते. त्या काळात फक्त व्याज भरलं असेल तर B1 मध्ये १२ लाखच राहतात, पण B3 मध्ये एकूण मुदत नाही, हप्ते जितके ठरले तितकेच लिहायचे, आणि B4 मध्ये मुद्दलासह गेलेल्या पहिल्या हप्त्याची तारीख. व्याज न भरता ते कर्जातच मिळवलं असेल, तर B1 मध्ये सूट संपली त्या दिवशीची वाढलेली बाकी हवी. ती मंजुरीपत्रात सापडत नाही, उताऱ्यातच पाहावी लागते.